रिचार्ज फुकट, वीजबिलाला पाच रुपये : माझा अनुभव

घणसोली गावठाणात माझे मोबाइल रिचार्ज आणि बिलभरणा करण्याचे छोटे दुकान आहे. ग्राहकांकडून वेगळे सेवाशुल्क घ्यावे की मिळणाऱ्या कमिशनवरच भागवावे, हा प्रश्न मला वर्षभर छळत होता. शेवटी एक महिना मी प्रत्येक व्यवहार वहीत मांडला: रक्कम किती, कमिशन किती आणि काउंटरवर वेळ किती गेला.

२९९ रुपयांच्या रिचार्जवर मला अडीच टक्के, म्हणजे सुमारे साडेसात रुपये मिळतात आणि काम एका मिनिटात होते. महावितरणच्या बिलाचे मात्र तसे नाही. बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट घालायचे, पडद्यावर आलेले नाव ग्राहकाला वाचून दाखवायचे, पैसे मोजायचे आणि पावती छापायची, यात चार मिनिटे सहज जातात. १,८४० रुपयांचे बिल भरले की माझ्या वॉलेटमधून १,८४० रुपये तत्काळ वजा होतात आणि हाती येतो एक रुपया. त्या महिन्यात अशी १४० बिले भरली गेली. नऊ तासांहून अधिक काम झाले आणि कमाई झाली १४० रुपये. शिवाय ग्राहक रोख देतात, तर वॉलेट आधी भरून ठेवावे लागते. त्यामुळे बिलांची मुदत जवळ आली की वॉलेट रिकामे होते आणि रिचार्जचा ग्राहक परत जातो. खरे नुकसान इथे होते, आणि ते वहीत मांडेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

त्या हिशेबाच्या भरात मी सरसकट पाच रुपये लावले, आणि ती चूक ठरली. एका रिक्षाचालक दादांनी आपल्या मोबाइलवर प्लॅनची किंमत दाखवून विचारले, "इथे २९९ लिहिलंय, मग तुम्ही ३०४ कसे घेता?" त्यांचे म्हणणे बरोबर होते. प्लॅनची किंमत ठरलेली असते आणि त्यातूनच मला कमिशन मिळत असते. दहा दिवसांत नेहमीचे बरेच रिचार्ज ग्राहक दिसेनासे झाले. मी रिचार्जवरील शुल्क त्याच दिवशी बंद केले.

बिलांच्या बाबतीत आधी डिस्ट्रिब्युटरबरोबरचा करार नीट वाचला. त्यात स्पष्ट लिहिले होते की, सुविधा शुल्क घ्यायचे असल्यास ते पोर्टलवर नोंदवावे, ते पावतीवर छापले गेले पाहिजे आणि त्यापलीकडे ग्राहकाकडून काहीही घेऊ नये. म्हणजे मी आधी हातात घेतलेले सुटे पाच रुपये नियमात बसणारे नव्हते. पोर्टलच्या सेटिंगमध्ये मी वीजबिलासाठी पाच रुपये नोंदवले, काउंटरवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली आणि बिल हातात घेण्यापूर्वीच शुल्क सांगण्याची सवय लावून घेतली. पैसे मोजून झाल्यावर सांगितले की वाद होतो, आधी सांगितले की सहसा होत नाही.

पहिल्या आठवड्यात शेजारच्या आजींना मी शुल्क माफ केले. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या ताईंनी ते पाहिले आणि आपल्याकडूनच का घेता, असे विचारले. मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून कोणालाही सूट नाही. मात्र बिलाची मुदत कधी आहे हे पाहून देणे, अडकलेल्या व्यवहाराची चौकशी करणे आणि जुनी पावती पुन्हा छापून देणे ही कामे मी सर्वांसाठी फुकटच करतो. मुदत उलटून गेली तर १,८४० रुपयांवर सव्वा टक्का, म्हणजे २३ रुपये विलंब आकार लागतो, हे मी बिलावर बोट ठेवून दाखवतो.

फुकट रिचार्ज परवडायचे असेल तर चूक होता कामा नये. एक अंक चुकून २९९ रुपये भलत्याच्या क्रमांकावर गेले, तर ते भरून काढायला चाळीस रिचार्ज करावे लागतात, आणि माझ्या हातून असे एकदा घडले आहे. म्हणून आता ग्राहकालाच कागदावर क्रमांक लिहायला सांगतो, पडद्यावरचा क्रमांक मोठ्याने वाचतो आणि त्यांनी होकार दिल्यावरच बटण दाबतो. क्रमांक दुसऱ्या कंपनीत पोर्ट झाला आहे का, हेही विचारतो. व्यवहार 'पेंडिंग' दिसला, तर दुसऱ्यांदा रिचार्ज मारत नाही. पहिला व्यवहार उशिराने यशस्वी झाला, तर दोन्ही रिचार्जचे पैसे माझ्या वॉलेटमधून जातात आणि ग्राहक मात्र एकाचेच देतो.

शुल्क सुरू केल्यावर तिसऱ्या महिन्यात बिले १४० वरून ९६ वर आली. शुल्काचे ४८० आणि कमिशनचे ९६ मिळून ५७६ रुपये आले आणि काम साडेसहा तासांवर उतरले. रिचार्जचे गेलेले ग्राहक बहुतेक परतले आहेत. ते रिक्षाचालक दादाही येतात, आणि वीजबिल भरताना पाच रुपये सुटे काढूनच ठेवतात.