सकाळचं सेशन साडेआठला संपतं, जेवण साडेबाराला मिळतं

दिवसातून दोन वेळा ट्रेनिंग सुरू केलं की लोक विचारतात, पाय दुखतात का, झोप पुरते का. पाय दुखतात, झोपही पुरते. माझं डोकं फिरवलं ते मेसच्या वेळापत्रकाने. अजून राग गेलेला नाही, म्हणून हे लिहून काढते आहे.

मी मध्यम पल्ल्याची धावपटू, वजन 60 किलोच्या आसपास. ट्रेनिंग सेंटरमध्ये प्रवेश, खोली, सरांनी दिलेला प्लॅन, हे सगळं विनासायास झालं. सकाळी साडेसहा ते साडेआठ ट्रॅकवर जोराचं काम, संध्याकाळी चार वाजता दुसरं सेशन. मध्ये साडेसात तास. मेसचा नाश्ता सात ते साडेआठ, म्हणजे मी स्पाइक्स काढत असते तेव्हा तिथे टेबलं पुसत असतात. त्यानंतर थेट साडेबाराला जेवण. आणि दारावर पाटी: खाद्यपदार्थ बाहेर नेण्यास सक्त मनाई.

सुरुवातीला साडेबारापर्यंत थांबून भरपेट जेवायचे. पोट गच्च, मन तृप्त, आणि चार वाजता ट्रॅकवर पहिले दोन रेप, म्हणजे ठरलेल्या अंतराच्या वेगवान धावा, वेळेत. तिसऱ्यापासून पायात काहीच नसायचं. दुखणं नाही, दम लागणं नाही, नुसते रिकामे पाय. नेहमीचाच वेग अचानक कष्टाचा वाटायचा. हा थकवा स्नायू दुखण्यापेक्षा वेगळा असतो आणि एकदा अनुभवला की ओळखता येतो. दुखरे पाय वॉर्म-अपमध्ये कुरकुरतात आणि मग बरेचदा मोकळे होतात. रिकामे पाय वॉर्म-अपमध्ये छान वाटतात आणि मध्येच संपतात. सरांनी दोन प्रश्न विचारले, सकाळनंतर काय खाल्लं आणि किती वाजता. उत्तर ऐकून म्हणाले, "मेसकडून जादा नाश्त्याची परवानगी घे." एवढं सोपं वाक्य.

परवानगीसाठी 'विशेष आहार' नावाचा फॉर्म होता. त्यात कारणाच्या रकान्यात तीनच चौकटी: आजार, ॲलर्जी, उपवास. खेळाडूंच्या मेसमध्ये 'ट्रेनिंग' हे कारण नाही! मी खाली मोकळ्या जागेत लिहून दिलं, तर फॉर्म परत आला, "एक चौकट निवडणे आवश्यक." आजारावर खूण केली, तर डॉक्टरांचं पत्र मागितलं. डॉक्टर आठवड्यातून ठरावीक दिवशी येणार, त्या दिवशी मेसचे मॅनेजर रजेवर. मॅनेजर आले तेव्हा म्हणाले, "अहो मॅडम, जेवण तर मिळतंय ना? दुपारी दोन घास जास्त खा. रात्री भरून निघेल सगळं."

चिडचीड झाली, पण खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. दिवसातून एकदाच ट्रेनिंग असेल तर रात्रीपर्यंत खरंच भरून निघतं. धावताना स्नायूंमधला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, खर्च होतो. तो जवळजवळ संपला असेल तर पुरता भरायला साधारण 24 तास लागतात, आणि तेवढा वेळ हातात असला तर नाश्ता नऊला केला की अकराला याने फारसं बिघडत नाही. दिवसभराचा एकूण आकडा महत्त्वाचा. पण दोन सेशनमध्ये आठ तासांपेक्षा कमी वेळ असला की हिशोब पालटतो. व्यायाम संपल्यानंतरचा पहिला तास-दोन तास स्नायू रक्तातली साखर सगळ्यात भराभर ओढून घेतात. त्या वेळात काहीच खाल्लं नाही आणि दोन तासांनी खाल्लं, तर त्यापुढच्या तासांत ग्लायकोजेन भरण्याचा वेग जवळपास निम्मा राहतो. मी तर चार तास थांबत होते. साडेबाराला कितीही जेवले तरी चार वाजेपर्यंत त्यातलं पायात पोहोचणार किती?

डॉक्टर भेटले तेव्हा त्यांना हेच सांगितलं. ते हसले, म्हणाले, "मला पटलंय, पण पत्रात प्रमाण लिहावं लागेल. नुसतं 'जादा नाश्ता' चालणार नाही." मग त्यांच्यासमोर बसून कागदावर हिशोब केला. तो इथे देते, कारण फॉर्मच्या भानगडीतून निघालेली एकच कामाची गोष्ट ही आहे.

पहिल्या चार तासांत दर तासाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम कर्बोदकं. माझ्यासाठी तासाला 60 ते 70 ग्रॅम. एकदम नाही, अर्ध्या अर्ध्या तासाने थोडं थोडं. साडेआठला दोन केळी आणि मोठा ग्लासभर दूध, झाले 65 च्या आसपास. सोबत दोन उकडलेली अंडी. दूध आणि अंडी मिळून 20-22 ग्रॅम प्रथिनं होतात, आणि स्नायूंच्या दुरुस्तीला एका वेळी तेवढी पुरतात. साडेनऊनंतर ब्रेडचे चार स्लाइस आणि त्यावर जॅम, पुन्हा तेवढंच. साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान अडीचशे ग्रॅम शिजवलेला भात, नाहीतर साडेतीनशे ग्रॅम उकडलेला बटाटा, वर मीठ. चौथ्या तासाचं साडेबाराच्या जेवणात येतं.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारलं, "पांढरा ब्रेड, जॅम? सॅलड, डाळी काही नाही?" नाही. या चार तासांत पटकन पचणारं हवं. तंतुमय आणि तेलकट पदार्थ पोटात रेंगाळतात, साखर रक्तात उशिरा पोहोचते आणि वर चार वाजता ट्रॅकवर पोटात कळ येते. सॅलड, डाळी, तळलेलं मी रात्रीच्या जेवणाला ठेवते. केळी आणि जॅमही मुद्दाम आहेत. भात-बटाट्यातून मिळणारं ग्लुकोज मुख्यतः स्नायूंकडे जातं, फळं आणि साखरेतलं फ्रुक्टोज यकृताचा साठा भरायला मदत करतं. दोन्ही साठे वापरले गेलेत तर दोन्ही भरायला हवेत.

पत्र मिळालं. मेसने ते ठेवून घेतलं आणि विचारलं, प्रशिक्षकांची सही कुठे आहे. सरांची सही घेतली, तर सही पत्रावर चालत नाही, फॉर्मवर लागते. फॉर्म कुठे? डॉक्टरांच्या फाइलमध्ये. या सगळ्या फेऱ्या मी सकाळच्या सेशननंतर, नेमक्या त्या खायच्या तासांत मारत होते! शेवटी खिशात केळी घेऊनच ऑफिसच्या बाकावर बसायला लागले. मॅनेजरसमोर एक सोलून खाल्लं. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं, मी म्हटलं हे बाहेरून आणलंय. फॉर्मवर सही त्याच दिवशी झाली. केळ्यामुळे झाली असं माझं मत आहे, सर मानत नाहीत.

आता सकाळी डबा मिळतो. त्यानंतरच्या गोष्टी आठवतील तशा.

जोराच्या सेशननंतर भूक लागत नाही. निदान मला तरी अर्धा-पाऊण तास अन्नाकडे बघवत नाही. भूक लागेपर्यंत थांबलात तर हातातला सगळ्यात चांगला तास जातो. तेव्हा चावायचं नको वाटलं तर प्यायचं: दूध, साखर आणि केळं एकत्र फिरवून. ते गार असेल तर अजून सहज उतरतं.

पाण्याचं आधीच सांगायला हवं होतं. सेशनच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करायचं. माझं उन्हाळ्यात 60.2 चं 59 होतं, म्हणजे 1.2 किलो गेलं. त्याची भरपाई 1.2 लिटरने होत नाही, कारण प्यायलेल्यातलं काही लघवीवाटे जातंच. गेलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर धरायचं. माझं दीड ते पावणेदोन लिटर होतं, दुपारपर्यंत थोडं थोडं करून. नुसतं पाणी घटाघटा प्यायलात तर लगेच बाथरूमला पळाल. भातावरचं मीठ त्यासाठीच, मीठ असलं की पाणी अंगात टिकतं. चार वाजता वजन सकाळच्या जवळ आलेलं नसेल तर संध्याकाळचा वेग आधीच कमी धरा.

जेवण सव्वाला संपवते. तीनच्या सुमारास एखादं केळं किंवा जॅम लावलेला एक स्लाइस, मग काही नाही. कुणाला शेवटच्या तासात गोड खाल्लं की सुरुवातीला गळून गेल्यासारखं होतं, त्यांनी ते वॉर्म-अपच्या वेळी घ्यावं. हे आणि बाकी सगळंच स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा करून बघू नका. पोटालाही सवय लागते. मला पहिल्या आठवड्यात एवढ्या खाण्याने ढेकर आणि जडपणा होता, नंतर गेला. तुम्हाला तासाला 70 ग्रॅम जात नसेल तर 45-50 खा आणि त्यात प्रथिनं थोडी वाढवा. कर्बोदकं कमी पडतात तेव्हा प्रथिनांची जोड ग्लायकोजेन भरायला मदत करते. कर्बोदकं पुरेशी असतील तर तेवढ्यासाठी जादा पावडर घ्यायची गरज नाही, मेसमधले सगळे सल्लागार काहीही म्हणोत.

एवढं करूनही चार वाजता टाकी पूर्ण भरलेली नसते. साडेसात तासांत ते शक्यच नाही. सरांनी म्हणून जोराचं काम सकाळी ठेवलंय आणि संध्याकाळी छोटं, किंवा कमी वेगाचं. तुमचा प्लॅन दोन्ही वेळा जोराचा असेल तर आधी प्रशिक्षकाशी बोला, खाण्याने तो फरक भरून निघणार नाही. आणि संध्याकाळी नुसतं अर्धा तास हलकं धावायचं असेल तर हा सगळा खटाटोप नको. नीट नाश्ता, नीट जेवण, बस्स. मी त्या दिवशी डबा अर्धाच घेते.

हो, आणि परवानगी कायमची नसते. दर महिन्याला फॉर्म नव्याने भरायचा असतो. डॉक्टरांच्या पत्राच्या झेरॉक्स काढून ठेवा, सरांची सही आधी घ्या, आणि चौकटीत 'आजार'च लिहा. चौथी चौकट अजून छापलेली नाही.