काटा रावेरचा, वेळ यूटीसीची

“वजनकाटा रावेरचा, गाडी रावेरची, केळीही इथलीच, मग वजनाची नोंद ठेवणाऱ्या तुमच्या प्रोग्राममध्ये वेळ लंडनची कशाला, आणि त्या दहा आकड्यांतून तारीख काढायची कशी?”

आधी आकड्याचे सांगतो, कारण ते सोपे आहे. यूटीसी म्हणजे जगभर एकच धरलेली प्रमाणवेळ; तिच्यानुसार 1 जानेवारी 1970 ची मध्यरात्र उलटल्यापासून किती सेकंद झाले, एवढेच त्यात असते. 1717188000 ला 86400 ने, म्हणजे एका दिवसाच्या सेकंदांनी, भागले की 19874 पूर्ण दिवस निघतात आणि 74400 सेकंद उरतात. ते दिवस आपल्याला 31 मे 2024 वर आणून सोडतात, उरलेले सेकंद म्हणजे 20 तास 40 मिनिटे. त्यात साडेपाच तास मिळवले की 1 जूनच्या पहाटेचे 2:10 होतात. लिनक्सवर हा भागाकार हाताने करावा लागत नाही:

```
date -u -d @1717188000
TZ=Asia/Kolkata date -d @1717188000
```

पहिली ओळ यूटीसी दाखवते, दुसरी आपली वेळ. आकडा दहाऐवजी तेरा अंकी असेल तर तो मिलिसेकंदांचा असतो, आणि त्याला आधी हजाराने भागावे लागते. आणि ही वेळ लंडनची नव्हे: त्या क्षणी लंडनच्या घड्याळात 21:40 वाजले होते, कारण उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात. यूटीसी कोणासाठीच पुढेमागे होत नाही.

आता त्या रात्रीच्या गाडीचे, कारण तुमचा खरा राग तिथला आहे. भरलेली गाडी पहाटे 2:10 ला काट्यावर आली, कागदी पावतीवर 1 जून छापले गेले, पण दिवसाच्या अहवालात ती 31 मे या तारखेखाली गेली. केळीचा भाव तारखेवार ठरतो, त्यामुळे शेतकरी पावती दाखवू लागला आणि व्यापारी अहवाल. साठवलेला आकडा बरोबर होता. अहवाल मात्र त्यातून यूटीसीची तारीख काढत होता, आणि मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतली प्रत्येक गाडी एक दिवस मागे जात होती.

माझ्या गैरहजेरीत व्यापाऱ्याने दुसऱ्या एका प्रोग्रामरकडून यावर इलाज करून घेतला. त्याने साठवलेल्या प्रत्येक आकड्यात 19800 सेकंद, म्हणजे साडेपाच तास, कायमचे मिळवून टाकले. अहवाल सुधारला, पण मोबाईलचे अॅप स्वतःही साडेपाच तास मिळवत असल्याने तिथे तीच गाडी सकाळी 7:40 ला दिसू लागली. त्यातच काही नोंदी काट्यावरच्या मोबाईलला रेंज नसल्याने अडकून राहिल्या होत्या; त्या नंतर मूळ आकड्यांसह आल्या आणि बदललेल्या नोंदींत मिसळल्या. कोणती नोंद बदललेली आणि कोणती मूळ, हे आकड्याकडे पाहून कळणे शक्यच नव्हते.

सुटका केली ती सर्व्हरने लिहिलेल्या एका वेगळ्या वेळेने. नोंद सर्व्हरवर कधी पोहोचली, हा रकाना कोणी हलवला नव्हता. वजन होण्याआधीच त्याची नोंद पोहोचल्याचे दिसत असेल, तर ते अशक्य आहे, म्हणून त्या नोंदीतून 19800 वजा करायचे. साडेपाच तासांहून उशिरा पोहोचलेल्या नोंदी मात्र या चाळणीतून सुटतात, आणि त्यांच्यासाठी छापील पावत्यांचे गठ्ठेच उघडून पाहावे लागले.

मूळ दोषावरचा इलाज आकडे न हलवता होतो. दिवस आपल्या वेळेत ठरवायचा आणि त्याच्या दोन्ही कडा आकड्यात बदलायच्या. 1 जूनच्या नोंदी अशा निवडायच्या:

```
WHERE t >= 1717180200 AND t < 1717266600
```

t म्हणजे साठवलेला आकडा; पहिला आकडा आपल्या 1 जूनच्या मध्यरात्रीचा, दुसरा 2 जूनच्या.

तरीही तुमचा प्रश्न खुळचट नाही. मी स्वतः पूर्वी हेच म्हणायचो: देशभर एकच वेळ, घड्याळ मागेपुढे करण्याची भानगड नाही, तर सरळ आपलीच वेळ लिहावी. तेव्हाच्या मला आज मी एवढेच विचारीन की दुबईच्या खरेदीदाराने ती पावती उघडली, तर 2:10 म्हणजे कोणाचे 2:10? त्याच्या घड्याळात तेव्हा 00:40 होते. यावर तेव्हाचा मी म्हणेल की सोबत +05:30 लिहून ठेवा, काम झाले. ते उत्तर चुकीचे नाही. फक्त मग प्रत्येक नोंदीत ते लिहिण्याची शिस्त प्रत्येकाने पाळावी लागते, आणि तशी शिस्त मी अजून पाहिलेली नाही. उलट परवा सकाळी सहाला माल कापायला या, असे पुढचे बोलावणे असेल, तर मीही आकडा ठेवत नाही. तारीख, सहा वाजता आणि Asia/Kolkata असे तिन्ही लिहितो, कारण तिथे घड्याळात सहा वाजणे हेच ठरलेले असते.