"छोटीशी, छान" कविता: खिडकीच्या फोटोवर ओळी लिहितानाचा माझा अनुभव

आमच्या नेरूळच्या सोसायटीची गणपतीत एक पुस्तिका निघते. यंदा कमिटीने ठरवलं की पावसाचे फोटो छापायचे आणि प्रत्येक फोटोखाली कविता. जुलैतल्या एका रात्री साडेदहाला मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. पावसाने भिजलेली सरकती खिडकी, बाहेर ग्रिल, पलीकडे धूसर इमारत. खाली मेसेज: "ताई, यावर छोटीशी कविता द्या ना. छान."

मी विचारलं, छोटीशी म्हणजे किती ओळी? आणि भाव कोणता हवाय, उदास की खेळकर? दोन निळ्या टिका आल्या आणि दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "तुम्हीच बघा ना, तुम्हाला काय सांगायचं!" हे वाक्य ऐकायला मानाचं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की मीच अंदाज करायचा आणि चुकला तर खापरही माझ्याच माथी.

मग मी अंदाजच केला. सोळा ओळी. पाऊस, खिडकी, वाट पाहणारी ती, निवत चाललेला चहा. पाठवली. उत्तर: "छान आहे, पण अजून काही जमतंय का बघा." मी चिडून उलट्या टोकाला गेले आणि कांदाभजी, कागदाच्या होड्या वगैरे आणून आठ ओळींची आनंदी कविता धाडली. उत्तर: "हीपण छान." आता यातली कोणती घेणार, हे विचारायचीही मला लाज वाटली.

तिथे मी चार दिवस अडकले. भाव सांगितलेला नव्हता, म्हणून मी तो स्वतःच्या पोतडीतून काढत होते, आणि पोतडीत पावसाचे तयार भाव दोनच निघाले. दोन्ही कविता दुसऱ्या कुठल्याही खिडकीखाली खपल्या असत्या. फोटोतलं एकही ओझं त्या उचलत नव्हत्या. हे मला कळलं तेही उशिरा, दोन्ही कवितांतून "खिडकी" शब्द काढून "गॅलरी" घातला आणि काहीच बिघडलं नाही तेव्हा.

मग फोटो मोठा करून पाहायला बसले. (आधीच सांगायला हवं होतं: व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, मोठा केला की नुसते ठोकळे दिसतात. डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवून घ्या. एवढी एक मागणी मात्र कमिटीने तासाभरात पुरी केली.)

पहिली गोष्ट दिसली ती ही की थेंब रेखीव होते आणि इमारत पुसट. म्हणजे फोकस काचेवर होता. वाट पाहणाऱ्या माणसाने रस्ता टिपला असता आणि थेंबांचे पुसट गोळे झाले असते. मोबाइल कधीकधी आपल्या मनानेच जवळच्या वस्तूवर फोकस धरतो, त्यामुळे एवढ्यावर सगळं बेतता येत नाही. तरी माझ्या विरहिणीला तिथेच रजा मिळाली.

दुसरी गोष्ट जास्त कामाची निघाली. काचेच्या खालच्या भागावर धुरकट थर होता आणि त्यात चार बोटांनी पुसल्याचा पट्टा. पट्ट्यातून पावसाचे थेंब अखंड, स्वच्छ दिसत होते. ते काचेच्या त्याच बाजूला असते तर बोटांनी फरफटले असते. म्हणजे थेंब बाहेरून आणि वाफ आतून.

नवरा म्हणाला, "एसीची असेल."

म्हटलं, "एसीने काच गार होते आणि दमट हवा बाहेर असते. पावसाळ्यात आपल्या बेडरूमची काच बाहेरून धुरकट होते की नाही? आतून कितीही पुसा, जात नाही."

"मग?"

"आत काहीतरी उकळतंय. हे स्वयंपाकघर आहे."

एवढं कळलं आणि माझी चार दिवसांची चिडचिड निम्मी उतरली. आता फोटोत एक माणूस होता, ज्याचा एक हात नुकता ओला झाला होता. काम करता करता मधेच काच पुसून बाहेर पाहणारा. हा भाव उदास नाही, आनंदीही नाही. कामातून मिळालेल्या अर्ध्या मिनिटाचा आहे.

तिसरी गोष्ट थेंबांत होती. थेंब भिंगासारखं काम करतो, त्यामुळे पलीकडची लांबची वस्तू त्यात उलटी दिसते. मोठ्या थेंबांत समोरची इमारत डोक्यावर उभी होती आणि तिच्यातही एक पिवळी खिडकी पेटलेली. मागे जी इमारत नुसता करडा डाग होती, ती थेंबात मात्र खिडक्यांसकट होती.

लांबीचा प्रश्न मी गेल्या वर्षीच्या पुस्तिकेवर सोडवला. पान वहीच्या अर्ध्या पानाएवढं, आडवा फोटो त्याचा वरचा भाग खाणार, खाली आठ आखूड ओळी मावतील. म्हणून मोठ्या अभंगाचं माप घेतलं: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. तुकोबांचे बरेच अभंग या मापाचे आहेत. शेवटचा चरण आखूड असल्याने ओळ मधेच थांबल्यासारखी होते, आणि मला नेमका तोच अर्ध्या मिनिटाचा थांबा हवा होता. हायकूही करून पाहिला, पण तीन ओळींत समोरचं घर आलं की वाफ राहायची आणि वाफ आली की घर.

पहिला चौक पटकन झाला. दुसऱ्याची सुरुवात मी "तिथेही कुणीतरी" अशी केली होती. मोठ्याने म्हणताना दर वेळी जीभ अडखळायची. बोटांवर मोजलं तर सात अक्षरं. मोजताना जोडाक्षर एकच धरायचं, "इस्त्री" म्हणजे दोन अक्षरं, हे लक्षात ठेवा. पण आधी कानाने पकडा, बोटं नंतर. "पलीकडे कुणी" केलं आणि ओळ रुळावर आली. दुसऱ्या ओळीत आधी "शिजवते भात" होतं. मोजमाप बरोबर, पण आमच्याकडे भात लावतात. शेवटी "पदराला" लिहिलं होतं, तेही खोडलं. आमच्या विंगमध्ये रोज साडी नेसून स्वयंपाक करणाऱ्या दोनच आजी आहेत.

पुसली मी वाफ
थेंब काचेवर
समोरचे घर
उलटेच

पलीकडे कुणी
लावलाय भात
पुसतेय हात
ओढणीला

पाठवली. या वेळी उत्तर आलं, "हीच घेतो." आधीच्या दोनही छानच होत्या ना, असं विचारायचं फार मनात आलं होतं. पण गिळलं. छापताना जागा वाचवायला त्यांनी दोन-दोन चरण एका ओळीत घातले आणि "उलटेच"चा थांबा गेला तो गेलाच. तुम्ही देणार असाल तर ओळी कुठे तोडायच्या हे चिठ्ठीवर लिहून द्या, शक्यतो छापण्याआधी पान बघायला मागा.

फोटो काढणारा मुलगा बी विंगमधला निघाला. आरतीच्या वेळी भेटला. म्हणाला, "काकू, किचन होतं हे कसं ओळखलंत? पण भात नव्हता हो, मॅगी होती."

मॅगीचीही अक्षरं दोनच. मी दोन दिवस शोधत होते, पण "हात"ला तिचं यमक काही जुळलं नाही.