ग्रुप बंद करताना

सांगलीत जुलैचा पाऊस लागला आणि कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली, की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण येतंच. एक बाजू म्हणते, धरणाचं पाणी ५१९.६० मीटरपर्यंत अडवतात, म्हणून कृष्णा इथं तुंबते. दुसरी बाजू २०१९ च्या पुरानंतरच्या वडनेरे समितीचा अहवाल पुढं करते. त्या पुराला अलमट्टी कारण नाही, असं समितीनं म्हटलं होतं. मग नाले कुणी बुजवले, पूररेषेत घरं कुणी बांधली, हे सुरू होतं. इथपर्यंत ठीक. त्या रात्री मात्र एकानं दुसऱ्याच्या घराचा पत्ताच टाकला, 'आधी स्वतःचा भराव काढा' म्हणून. पुढचं सांगण्यासारखं नाही.

साडेदहाला अ‍ॅडमिन काकांचा मेसेज आला:

"पुराच्या कारणांवरची चर्चा उद्या सकाळी आठपर्यंत बंद. विषयाला हरकत नाही, घरावर आणि घरच्यांवर बोलण्याला आहे. असे चार मेसेज काढलेत. बाकी सगळे आहेत तसे ठेवलेत, अहवालही आणि त्यावरचे आक्षेपही. ग्रुप आता फक्त अ‍ॅडमिनसाठी. पुलाची पातळी दर तासाला टाकीन. गाडी, औषध, माणूस हलवायला मदत, काहीही लागलं तर रात्री कधीही मला फोन करा."

चारातले तीन मेसेज अलमट्टीला दोष देणाऱ्यांचे होते. काका स्वतः त्याच मताचे, हे साऱ्या कॉलनीला ठाऊक. दोन्हीकडचे दोन-दोन काढून समतोल दाखवणं सोपं होतं, पण मग एका बाजूचा एक साधा मेसेज नाहक गेला असता. आणि स्वतःचं मत त्यांनी त्या मेसेजमध्ये एका शब्दानंही घातलं नाही. दार लावताना घातलेलं मत फार लागतं, कारण उत्तर द्यायला कुणाला जागाच नसते. (आमच्या दुसऱ्या एका ग्रुपवर अ‍ॅडमिन आधी लांबलचक निकाल देतात आणि मग कुलूप लावतात. तिथलं भांडण मग खासगी मेसेजवर आठवडाभर चालतं.)

अडचण एकच. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती एक चर्चा बंद करता येत नाही, 'फक्त अ‍ॅडमिन' केलं की सगळ्यांचंच तोंड बंद. एरवी चालतं. पण आयर्विन पुलाजवळ पाणी ३८ फुटांवर, इशारा ४० ला आणि धोका ४५ ला, अशा रात्री नदीकाठच्या गल्लीतल्या आजींना हलवायचं असेल तर लिहायचं कुठं? म्हणून तो फोनचा मुद्दा शेवटी असला तरी सगळ्यात गरजेचा होता. काकांनी तो नुसता लिहिला नाही. अकराला ३८ फूट दोन इंच, बाराला तीन, एकला तीनच, असे मेसेज येत राहिले, आणि दीडला कुणाच्या तरी इन्सुलिनसाठी फ्रीज शोधून दिल्याचंही कळलं.

सकाळी आठला ग्रुप उघडला. पहिला मेसेज अलमट्टीवरच होता, फक्त या वेळी कुणाचा पत्ता नव्हता.