सोळानंतर एकतीस

«ताई, एक उदाहरण चुकलं की अख्खा नियम खोटा ठरतो. मग शंभर उदाहरणं बरोबर आली तर तो खरा का ठरत नाही? हा अन्याय नाही का?»

इंदुरात रामबागेतल्या घरी मी गणिताच्या शिकवण्या घेते. तिथे हे विचारणाऱ्यांत मुलं असतात, त्यांना घ्यायला आलेले आईबाबाही असतात. तोंडी समजावून फारसं कुणाला पटत नाही असा अनुभव आहे, म्हणून मी कागद आणि कंपास पुढे करते. तुम्हीही घ्या.

एक वर्तुळ काढा. त्याच्या परिघावर काही बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू बाकीच्या प्रत्येक बिंदूला सरळ रेषेने जोडा. मग वर्तुळाचे किती तुकडे झाले ते मोजा. एकच बिंदू असेल तर रेषाच नाही, म्हणजे तुकडा 1. दोन बिंदूंना 2. तीनला 4. चारला 8. पाच बिंदूंचं चित्र जरा गिचमिड होतं, पण नीट मोजलं तर 16 येतात. सहा बिंदूंना किती होतील, असं विचारलं की वर्ग एका सुरात म्हणतो, बत्तीस.

काढून बघा. एकतीस येतात.

यानंतरची पाच मिनिटं मला फार आवडतात. सगळे पुन्हा मोजतात, कारण आपलं मोजणं चुकलं असणार, नियम कसा चुकेल! कुणाला तरी तीसच मिळतात. त्याने बहुधा सहाही बिंदू सारख्या अंतरावर घेतलेले असतात, त्यामुळे समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तिन्ही रेषा बरोबर केंद्रात एकमेकींना छेदतात. एक बिंदू थोडा सरकवला की मधे एक इवलासा त्रिकोण उघडतो आणि तीसचे एकतीस होतात. म्हणजे नियमाविरुद्ध जाणारं उदाहरण मिळालं म्हणून लगेच नियम मोडीत काढू नये. मोजणी बरोबर आहे का आणि हे उदाहरण नियमाच्या कक्षेत बसतं का, हे दोन्ही आधी बघावं. «तीन रेषा एका ठिकाणी भेटू द्यायच्या नाहीत» अशी अट असेल तर तीसवाला बाद होतो. एकतीसवाल्याला मात्र कोणतीच पळवाट काढता येत नाही.

एकतीसच का? सुरुवातीला अख्खं वर्तुळ हा एक तुकडा. नवी रेषा ओढली की एक तुकडा वाढतो, आणि ती आधीच्या रेषांना आत जितक्या ठिकाणी छेदते तितके आणखी वाढतात. म्हणून एकूण तुकडे म्हणजे 1, अधिक रेषांची संख्या, अधिक आतले छेदनबिंदू. सहा बिंदूंतून दोन-दोन निवडून 15 रेषा होतात. छेदनबिंदू मोजायची युक्ती छान आहे. कोणतेही चार बिंदू घेतले की त्यांचा चौकोन होतो आणि त्याचे कर्ण आत एकदाच छेदतात. सहातून चार निवडायचे प्रकार 15, म्हणून छेदनबिंदूही 15. झाले 31. पाच बिंदूंना याच रीतीने 1 + 10 + 5, म्हणजे 16.

मग पाचापर्यंत दुप्पट का होत होतं? हलायुधाने पिंगळाच्या छंदःसूत्रांवरच्या टीकेत सांगितलेला मेरुप्रस्तार ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे पटकन दिसेल. त्यात वरच्या दोन शेजारच्या आकड्यांची बेरीज खाली मांडत जातात, आणि प्रत्येक ओळीची बेरीज आधीच्या ओळीच्या दुप्पट होते. आपले तुकडे म्हणजे त्या-त्या ओळीतल्या पहिल्या पाच आकड्यांची बेरीज. पाचव्या ओळीपर्यंत आकडेच पाच किंवा त्याहून कमी असतात, म्हणून पूर्ण ओळ मिळते. सहावी ओळ 1, 5, 10, 10, 5, 1 अशी. तिची बेरीज 32, पण शेवटचा 1 आपल्या वाट्याला येत नाही. सातव्या ओळीत आणखी तूट पडते आणि 64 ऐवजी 57 येतात. पहिल्या पाच उदाहरणांत ही तूट दिसणं शक्यच नव्हतं.

आता तुमच्या अन्यायाकडे येते. «कितीही बिंदू घ्या, दुप्पट होणारच» हे विधान एकाच वेळी अगणित संख्यांबद्दल बोलतं. ते खोटं आहे असं म्हणणाऱ्याला मात्र एवढंच म्हणायचं असतं की कुठेतरी एक संख्या अशी आहे जिथे हे होत नाही. त्यासाठी सहा दाखवली की काम संपलं. उलट बाजूच्या पाच उदाहरणांनी काय सिद्ध केलं? पहिल्या पाच संख्यांना दुप्पट होतं, एवढंच. ते पूर्णपणे सिद्ध झालं आणि आजही खरं आहे. त्यापलीकडच्या संख्यांबद्दल ती उदाहरणं काहीच बोललेली नाहीत.

यावर हमखास येणारं उत्तर: पाच म्हणजे फारच कमी, लाखभर तपासा की! तर ऐका. 1919 साली जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने एक अंदाज मांडला. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव पाडायचे आणि त्यांची एकूण संख्या सम आहे की विषम हे मोजायचं. 12 म्हणजे 2 × 2 × 3, तीन अवयव, म्हणून विषम गटात. 10 म्हणजे 2 × 5, सम गटात. 1 ला अवयवच नाहीत, शून्य, म्हणून तोही सम. अंदाज असा, की 2 पासून पुढे कुठेही थांबा, तिथवरच्या संख्यांत विषम गट सम गटाहून कधीच लहान नसेल. दहापर्यंत बघा: विषम गटात 2, 3, 5, 7, 8 आणि सम गटात 1, 4, 6, 9, 10. पाच-पाच, बरोबरी. बारापर्यंत गेलात तर सात विरुद्ध पाच.

1958 साली हेझलग्रोव्हने सिद्ध केलं की हा अंदाज कुठेतरी मोडतोच. गंमत म्हणजे नेमकी कुठली संख्या, हे त्याने दाखवलं नव्हतं. अशी एक असलीच पाहिजे, एवढं दाखवणं खंडनाला पुरलं. तो जिथे पहिल्यांदा मोडतो ती संख्या 1980 मध्ये सापडली: 90,61,50,257. म्हणजे 2 पासून एकेक संख्या तपासत निघालेल्या माणसाला नव्वद कोटींहून जास्त वेळा «बरोबर» असंच उत्तर मिळालं असतं.

लोक मला «अपवादानेच नियम सिद्ध होतो» हेही ऐकवतात. इंदुरात प्रत्येक जण सकाळी पोहे-जिलबी खातो, असं आपण खुशाल म्हणतो आणि आमच्या घरी उपमा होतो म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, कारण तिथे «बहुतेक» हे सगळ्यांनी मनातल्या मनात धरलेलं असतं. गणितातल्या «प्रत्येक»मध्ये ती सूट नाही.

आणि हो, उदाहरणांनीच सिद्धता होते अशीही एक जागा आहे. दोन अंकी संख्या उलटी लिहा आणि मोठीतून लहान वजा करा, उत्तराला 9 ने भाग जातो. दोन अंकी संख्या एकंदर 90. माझ्या एका विद्यार्थिनीने बीजगणित टाळण्यासाठी नव्वदच्या नव्वद वजाबाक्या वहीत करून आणल्या. मी पूर्ण गुण दिले. मग तिला तीन अंकी संख्या घ्यायला सांगितलं, तशी ती म्हणाली, «ताई, त्या नऊशे आहेत. अ, ब, क धरून कसं करायचं ते सांगा.»