स्पीड लूपमधला डिस्टर्बन्स ऑब्झर्व्हर: g चा आकडा 200 वर का थांबला

लोड बसला की मोटर दबते आणि मग सावकाश सावरते, हे मला बरेच दिवस खुपत होतं. 1000 आरपीएमवर फिरणाऱ्या मोटरवर एकदम 0.04 न्यूटन-मीटरचा लोड टाकला की वेग 40 आरपीएमने खाली जायचा आणि जागेवर यायला 0.2 सेकंद लागायचे. आता तोच लोड बसला तर वेग 10 आरपीएमसुद्धा खाली जात नाही आणि 50 मिलिसेकंदांत सावरतो. हे लोडच्या टॉर्कचा अंदाज काढणाऱ्या डिस्टर्बन्स ऑब्झर्व्हरने कसं जमलं आणि पुढे कुठे अडलं, ते या नोंदीत लिहितोय.

आधी मांडणी सांगतो. 24 व्होल्टची ब्रश असलेली डीसी मोटर, मागे 1000 रेघांचा एन्कोडर. करंट लूप 10 किलोहर्ट्झवर चालतो, स्पीड लूप दर मिलिसेकंदाला. लोड म्हणून अगदी तशीच दुसरी मोटर कपलिंगने जोडली आहे. तिच्या तारांवर 5 ओहमचा रेझिस्टर आहे आणि तो मॉस्फेटने जोडता-तोडता येतो. 1000 आरपीएमला ती 5.24 व्होल्ट देते. वाइंडिंगचे 1.5 ओहम धरले तर साधारण 0.8 अँपिअर वाहतात, म्हणजे 0.04 न्यूटन-मीटर. या मांडणीची खरी गंमत अशी की लोड मोटरचा करंट मोजला की खरा लोड टॉर्क हातात येतो. ऑब्झर्व्हरचा अंदाज बरोबर की चूक, हे मग ग्राफवर शेजारीशेजारी दिसतं.

ऑब्झर्व्हरला दोनच आकडे लागतात, टॉर्क स्थिरांक Kt आणि जडत्व J. Kt साठी दुसऱ्या मोटरने ही मोटर फिरवली आणि उघड्या तारांवरचा व्होल्टेज मोजला: 104.7 रेडियन प्रति सेकंदाला 5.24 व्होल्ट, म्हणजे Kt = 0.05. J साठी 1 अँपिअर करंट स्थिर ठेवला आणि वेग किती झपाट्याने वाढतो ते पाहिलं, मग करंट शून्य करून मोटर आपोआप मंदावू दिली. वेग वाढताना 367, घटताना 50 रेडियन प्रति सेकंद वर्ग. घर्षण पहिल्या आकड्यातून वजा झालेलं असतं आणि दुसरा आकडा निव्वळ घर्षणाचाच असतो. त्यामुळे दोन्हींची बेरीज केली की घर्षण गळून पडतं: 0.05 / 417 = 1.2×10⁻⁴ किलोग्रॅम-मीटर वर्ग. दोन्ही उतार एकाच वेगापाशी मोजायचे, एवढी एक काळजी घ्या. घर्षण वेगाबरोबर बदलतं.

कल्पना सरळ आहे. मोटरला किती टॉर्क दिला ते Kt·i वरून कळतं. त्यातला वेग वाढवण्यात किती गेला ते J·dω/dt वरून. या दोन्हींत जो फरक पडतो तो कुणीतरी खाल्लेला असतो. लोडने खाल्ला, घर्षणाने खाल्ला की आपल्या आकड्यांतल्या चुकीने, याची चौकशी ऑब्झर्व्हर करत नाही. तो सगळी बेरीज T_hat म्हणून देतो, आणि तेवढा करंट आपण आधीच वाढवून देतो. 1980च्या दशकात जपानमध्ये कोऊहेई ओनिशी यांनी हे तंत्र मोटर नियंत्रणात रुजवलं.

अडचण dω/dt ची. एन्कोडरवरून काढलेल्या वेगाचं डेरिव्हेटिव्ह घेतलं तर हाती नुसता खरखराट येतो. म्हणून तो फरक g रेडियन प्रति सेकंद कटऑफच्या लो-पास फिल्टरमधून काढतात आणि थोडं बीजगणित करून डेरिव्हेटिव्ह टाळतात. Jn म्हणजे कोडमध्ये भरलेला J:

```c
x     = Kt*i_meas + g*Jn*w;
lp   += a*(x - lp);        // a = 1 - exp(-g*Ts)
T_hat = lp - g*Jn*w;
i_ref = Kp*(w_ref - w) + T_hat/Kt;
i_ref = clamp(i_ref, -I_MAX, I_MAX);
```

यात i_meas च्या जागी क्लॅम्प होण्याआधीचा i_ref वापरायची चूक मी पहिल्याच दिवशी केली. शून्यावरून 1000 आरपीएमची उडी दिली तर माझ्या Kp ने (0.144) 15 अँपिअर मागितले जातात, मर्यादा मात्र 3 ची. ऑब्झर्व्हरला वाटतं, 15 दिले तरी वेग वाढत नाही, म्हणजे लोड प्रचंड असणार. तो T_hat फुगवत नेतो आणि मोटर 1500च्या वर जाऊन मग परत फिरते. मोजलेला करंट दिला की हे जागच्या जागी थांबतं.

आता इंटिग्रल. सुरुवातीला जुना पीआय तसाच ठेवून वरून ऑब्झर्व्हर लावला. खड्डा लहान झाला, पण त्यानंतर वेग 1000च्या वर 2 आरपीएमचा फुगवटा घेऊन पाव सेकंद रेंगाळायचा. वीस चाचण्यांची सरासरी काढल्यावर तो स्पष्ट दिसला. कारण विचार केल्यावर कळलं. टिकून राहणाऱ्या लोडचा टॉर्क आता T_hat उचलतो. इंटिग्रलला नवं काही धरून ठेवायचं नसतं, म्हणून त्याला होता त्याच किमतीवर परत यावं लागतं. तसं व्हायचं तर खाली गेलेल्या वेगाचं क्षेत्रफळ वर जाऊन फेडावंच लागणार. इंटिग्रल काढून टाकला, नुसता Kp ठेवला, फुगवटा गेला. स्थिर अवस्थेत चूक उरेल अशी भीती वाटत असेल तर वरचं गणित पाहा: स्थिर वेगाला T_hat = Kt·i होतं, मग Kp ला देण्यासारखं काही उरतच नाही. Kt चुकलेला असला तरीही.

g = 200 ला ग्राफ पाहून खरंच समाधान वाटलं. लोड नसताना T_hat 0.006 दाखवतो, तेच मघाचं घर्षण. मॉस्फेट चालू केला की 5 मिलिसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने चढत 0.046 ला जातो. फरक 0.04, लोड मोटरच्या करंटवरून आलेला आकडाही तोच.

पण कानाला मोटर आवडत नव्हती. सतत करकर आवाज. इथे मी थांबून ऑब्झर्व्हरचं समीकरण उलगडलं, आणि या सगळ्या खटाटोपातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट तिथे सापडली. वरचा कोड सोडवला की एकूण करंट असा येतो:

```
i = Kp*(1 + g/s)*(w_ref - w) - (g*Jn/Kt)*w
```

म्हणजे ऑब्झर्व्हर हा वेगावरचा आणखी एक गेनच आहे. वेगातल्या बदलाला आधी दर रेडियन प्रति सेकंदाला 0.144 अँपिअर मिळायचे. आता त्यात g·Jn/Kt चे 0.48 मिळून 0.624 झाले. पीआयचा Kp 0.624 आणि Ki 28.8 केला तर लोड अगदी असाच झेलला जाईल. फरक वेगाच्या आदेशात पडतो. तसा पीआय आदेशाची उडी मिळताच उसळून पुढे जातो, ऑब्झर्व्हर लावलेला लूप मात्र पूर्वीच्याच 60 रेडियन प्रति सेकंद बँडविड्थच्या शांत चालीने जातो. ऑब्झर्व्हरची खरी कमाई ही: आदेशाला सौम्य, लोडला कडक.

करकरीचा हिशोबही यातूनच लागला. 4000 काउंट प्रति फेरी आणि 1 मिलिसेकंदाचा काळ धरला तर एका काउंटचा फरक म्हणजे 1.57 रेडियन प्रति सेकंद. त्याला 0.624 ने गुणा: जवळजवळ 1 अँपिअर! लोडसाठी लागणारा करंट 0.8, आणि एन्कोडरच्या एका काउंटच्या डुगडुगीला त्याहून जास्त. मग काउंट मोजणं सोडलं आणि टायमर कॅप्चरने कडांच्या वेळा टिपायला लागलो. मिलिसेकंदातल्या शेवटच्या कडेची वेळ वजा आधीच्या मिलिसेकंदातल्या शेवटच्या कडेची वेळ: या काळाने त्या दरम्यानच्या कडांची संख्या भागली की वेग मिळतो. 1 मायक्रोसेकंदाचा टायमर असला तरी चूक 0.1 रेडियन प्रति सेकंदापर्यंत खाली आली आणि करंटमधला खरखराट 0.07 अँपिअरच्या आत. फक्त ए चॅनेलची चढती कड धरा. चारही कडा धरल्या तर ए आणि बी मधलं अंतर नेमकं 90 अंश नसल्याची चूक परत आत शिरते.

खरखराट गेल्यावर हाव सुटली. g = 400 ला लोडनंतर वेग दोन-तीन हेलकावे घेऊन थांबतो. g = 600 ला मोटर साधारण 105 हर्ट्झचा घुमणारा सूर धरते आणि लोड काढला तरी तो चटकन विरत नाही. माझ्या लूपमध्ये एकूण 2 मिलिसेकंदांचा उशीर आहे: वेगाच्या सरासरीचा अर्धा, हिशोबाचा एक, आदेश धरून ठेवण्याचा अर्धा. g = 600 ला लूपचा क्रॉसओव्हर 660 रेडियन प्रति सेकंदावर जातो, म्हणजे 105 हर्ट्झ. तिथे हा उशीर 76 अंश खातो आणि फेज मार्जिन 10 अंशांच्या आसपास उरतं. 200 ला ते 50 अंश आहे. म्हणून 200.

यानंतर कपलिंगवर एक चकती बसवून J तिप्पट केला, Jn मात्र तसाच ठेवला. लोडला काही फार बिघडलं नाही, पण आदेशाच्या उडीला 6 टक्के ओव्हरशूट आला, जो आधी अजिबात नव्हता. Jn तिप्पट केला, ओव्हरशूट गेला. दुसऱ्या दिवशी चकती काढली, Jn परत करायला विसरलो, आणि मोटर चालू करताच तोच 105 हर्ट्झचा सूर. ऐकताक्षणी कळलं काय झालंय ते. लूपला g वेगळा आणि Jn वेगळा दिसत नाही, त्याला g·Jn/J दिसतो. 600 × 1 काय आणि 200 × 3 काय, दोन्ही सारखेच. म्हणून ज्याचा J कामाबरोबर बदलतो त्या यंत्रात g ठरवायचा तो सर्वांत लहान J धरून, आणि ओव्हरशूट तपासायचा तो सर्वांत मोठा J धरून.

सध्या काम कमी वेगावर अडलंय. 60 आरपीएमच्या खाली दर मिलिसेकंदाला एक कडही येत नाही. वेगाचा आकडा शिळा होतो, उशीर वाढतो, आणि 200 चा g परत हेलकावे द्यायला लागतो. म्हणून 120 आरपीएमच्या खाली g 100 करायचं ठरवलं. पहिल्याच प्रयत्नाला मोटरने जोरदार हिसका दिला. lp मध्ये g·Jn·ω मिसळलेला असतो. g बदलला पण lp तसाच राहिला, तर 120 आरपीएमला T_hat एका फटक्यात 0.15 न्यूटन-मीटरने उडी मारतो, म्हणजे 3 अँपिअर, माझी पूर्ण मर्यादा. g बदलताना त्याच क्षणी lp सुद्धा सरकवावा लागतो:

```c
lp += (g_new - g)*Jn*w;
g   = g_new;
a   = 1 - expf(-g*Ts);
```

या तीन ओळी घातल्यापासून 120 आरपीएम ओलांडताना करंटच्या ग्राफवर काहीही दिसत नाही. 30 आरपीएमपर्यंत लूप शांत आहे. त्याखाली, कडांमधलं अंतर 2 मिलिसेकंदांच्या वर गेल्यावर काय करायचं, यावर आता काम चालू आहे.