अकरा पिवळे दाणे

परवा दुपारी पाऊस घटकाभर उघडला तेव्हा मी पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या ठेल्याशी गेले. आठ भुट्टे घ्यायचे होते. इंदुरात श्रावण लागला आणि घरात भुट्ट्याचा कीस झाला नाही तर आमच्याकडे काहीतरी बिनसलंय असं समजतात. महाराष्ट्रातले पाहुणे 'मक्याचं कणीस' म्हणतात. आम्ही चार पिढ्या मराठी बोलतो, तरी भुट्ट्याला भुट्टाच म्हणतो.

ठेलेवाला म्हणाला, "माताजी, एकदम नरम है, देख लो." मी देखलं. म्हणजे साल थोडी मागे सारून मधल्या एका दाण्यात अंगठ्याचं नख रोवलं. हे केल्याशिवाय मी भुट्टा घेत नाही, आणि ठेलेवाल्यांना हे आवडत नाही. पांढरं दूध उडून माझ्या चष्म्यावर आलं. पास.

ही खोड आजीची. रामबागेतल्या वाड्यात भाजीवाली टोपली उतरवायची, आजी जमिनीवर मांडी घालून बसायची आणि एकेका भुट्ट्याला नख लावायची. नेहमी मधल्या दाण्याला. बुडाच्या नाही, शेंड्याच्याही नाही. दूध आलं तर डावीकडे, न आलं तर "दूध पळालं याचं!" म्हणून उजवीकडे. उजवीकडच्या ढिगाचे भुट्टे ती शेगडीवर भाजून आम्हा पोरांना द्यायची आणि डावीकडचे किसायला. मी सात-आठ वर्षांची असेन. पळालेलं दूध जातं कुठे, असं मी विचारल्यावर ती म्हणाली, "जातं कुठे? तिथंच बसून पीठ होतं."

पुढे तीस वर्षं बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवलं, पण 'भ्रूणपोष' या प्रकरणाची यापेक्षा बरी व्याख्या मला फळ्यावर लिहिता आली नाही.

तर घरी येऊन भुट्टे सोलायला बसले. सातवा सोलला आणि थांबले. सगळा भुट्टा पांढराशुभ्र, पाठीकडच्या दोन-तीन ओळींत मात्र विखुरलेले पिवळे दाणे. मोजले, अकरा भरले. हळदीसारखे गडद नव्हेत. ताकाच्या कढीत हळद जेमतेम पडावी तसे फिकट. सूनबाई म्हणाली, "सडलेत का हो आई?" सडलेला दाणा नखाने दबतो आणि वास येतो. हे टणटणीत होते. सडलेले नव्हते, परक्या बापाचे होते.

हे तिला सांगताना मला कोण आनंद झाला! निवृत्त मास्तरणीला घरात श्रोता मिळणं सोपं नसतं.

भुट्ट्याच्या डोक्यावर जे केस असतात, त्यातला एकेक केस एकेका दाण्याचा. दाणा होण्याआधी तिथे बीजांड असतं आणि त्याचा केस लांबत लांबत सालीबाहेर येतो, वाऱ्यावरचा पराग झेलायला. मक्याचा तुरा वर, भुट्टा खाली, आणि मधे सगळा वाऱ्याचा कारभार. शेजारच्या शेतात पिवळा मका असला आणि त्याचा कण या केसावर चिकटला की तिथून एक नळी रुजते. केसाच्या आतून वाट काढत ती साधारण दिवसभरात तळाशी पोचते. वीतभर अंतर असू शकतं. कणाच्या मानाने ती मोठीच मजल.

त्या नळीतून एक नव्हे, दोन पुंबीजं येतात. बीजांडात अंड असतं आणि त्याच्या शेजारी एक मोठी पेशी, जिच्या पोटात दोन केंद्रकं. एक पुंबीज अंडाशी जुळतं, त्याचा अंकुर होतो. दुसरं त्या मोठ्या पेशीत जाऊन दोन्ही केंद्रकांशी मिळतं, आणि त्याचा होतो भ्रूणपोष. म्हणजे आपण खातो तो, आजीचं दूध आणि पीठ. याला मराठी पुस्तकात दुहेरी फलन म्हणतात, इथल्या हिंदी पुस्तकात द्विनिषेचन. पोरं दोन्ही नावं सारख्याच उत्साहाने विसरायची.

मक्याचा हिशेब दहा-दहाचा. अंडात दहा गुणसूत्रं, पुंबीजात दहा, म्हणून अंकुरात वीस. पण भ्रूणपोषात आईची दोन केंद्रकं आणि बापाचं एक, म्हणून तीस. आईची ती दोन्ही केंद्रकं एकाच पेशीपासून झालेली, हुबेहूब सारखी. म्हणजे दोन वाटे आईचे आणि एक बापाचा. आमच्याकडे नातवाचं नाक कुणासारखं यावर दिवाळीत भांडण होतं. मक्याच्या पिठात तो प्रश्न मुळातच निकालात निघालाय.

आणि म्हणूनच ते अकरा दाणे फिकट. पिवळेपणाचा जीन बापाकडून आला, पण तिनातला एकच वाटा. पांढऱ्या आईचे दोन वाटे रिकामे. उलट केलं असतं, पिवळ्या भुट्ट्यावर पांढऱ्याचा पराग, तर दोन वाटे पिवळे होऊन दाणा गडद झाला असता. तिन्ही वाटे पिवळे म्हणजे पूर्ण पिवळा मका. कढीत एक चिमूट हळद, दोन चिमूट, तीन चिमूट, असं डोळ्यांना दिसतं. दाण्याची साल मात्र सगळी आईची, बापाचा तिच्यात हात नाही. ती पारदर्शक होती म्हणून आतला रंग दिसला. साल लाल असती तर आख्खा भुट्टा लाल दिसला असता, पराग कुठूनही येवो.

त्याच वर्षी, त्याच भुट्ट्यावर बापाचा रंग उमटतो हे लोकांना फार आधीपासून दिसत होतं. साधारणपणे बापाचे गुण पुढच्या पिढीच्या झाडात दिसायचे. इथे दाण्यातच कसे? १८८१ मध्ये फोके या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने या प्रकाराला 'झेनिया' नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाहुणचाराची भेट. नाव सुरेख, कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. १८९८ मध्ये कीव्हच्या नवाशिनने लिलीच्या जातीतल्या फुलांत सूक्ष्मदर्शकाखाली ते दुसरं पुंबीज काय करतं ते पाहिलं, पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या गिन्यारने तेच पाहिलं, आणि मग मक्याचं कोडं सुटलं. लिलीच्या फुलात बघून भुट्ट्याचा रंग कळला!

सूनबाई एव्हाना किसणी घेऊन उभी होती. तिला वाटलं आवरलं माझं. पण तिच्याशीच जुना हिशेब होता. मागच्या महिन्यात मी पुण्याला गेले असताना तिने कीस केला, तो पिशवीतल्या स्वीट कॉर्नचा. दूध, तूप, हिंग, मोहरी, मिरची सगळं बरोबर, आणि कीस काही आळेना. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, खिरीसारखा झालाय." तिला तेव्हाच सांगितलं होतं, चूक तुझी नाही, दाण्याची.

भ्रूणपोषाची गोष्ट अशी की ते पहिलं केंद्रक जुळल्यावर नुसतं दुभागत सुटतं. भिंती नाहीत, पेशी नाहीत. एकाच थैलीत शेकडो केंद्रकं पोहतात. मक्यात हे तीनेक दिवस चालतं. नारळाचं पाणी म्हणजे हीच अवस्था, मोठ्या पसाऱ्यावर आणि लांबलेली. मग कडेने भिंती बांधल्या जातात, थैलीच्या पेशी होतात; नारळात ती मलई. मक्यात ही बांधणी लवकर संपते आणि दहा-बारा दिवसांनंतर पेशींत स्टार्चचे कण जमू लागतात. पानांकडून साखर येते, दाणा तिची साखळी करून ठेवतो. वीसेक दिवसांनी केस तपकिरी होतात तेव्हा दाण्यात पाणीच जास्त असतं आणि त्यात स्टार्चचे कण तरंगत असतात. नखाने पेशी फुटतात आणि ते उडतं. आजीचं दूध ते हेच. आणखी आठवड्याभरात ते मळलेल्या कणकेसारखं होतं, मग माथ्याकडून घट्ट होत बुडाकडे येतं.

आजी मधल्या दाण्यालाच का नख लावायची तेही यात आहे. बुडाचे केस आधी बाहेर येतात, शेंड्याचे शेवटी; त्यामुळे एकाच भुट्ट्यात बुडाचे दाणे थोरले आणि शेंड्याचे धाकटे. शेंड्याला नख लावलं तर पळालेला भुट्टाही दुधाळ वाटतो. ठेलेवाला शेंडाच दाखवतो.

कीस आळतो तो या स्टार्चमुळे. गरम दुधात कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. अतिगोड स्वीट कॉर्नमध्ये साखरेपासून स्टार्च करणारी एक पायरीच मोडलेली असते, म्हणून साखर साखरच राहते आणि दाणा वाळला की सुरकुततो. चघळायला छान, किसाला निरुपयोगी. त्यात आळायला असतं काय?

पुढे दाणा पिकतो तेव्हा स्टार्चने भरलेल्या या पेशी मरून जातात. मेलेल्याच राहतात, गच्च भरलेल्या. फक्त सालीखालचा एक पापुद्रा जिवंत असतो. अंकुर फुटायची वेळ आली की तो पापुद्रा आणि अंकुराची ढाल पाचक रसायनं सोडतात, आणि पीठ पुन्हा साखर होऊन अंकुराच्या तोंडी लागतं. ज्याचं पीठ झालं त्याला स्वतःचं रोप नाही. जन्म एकाच दिवशी झालेला, बापही तोच.

आजीच्या पाठीवर एक बहीण होती म्हणे, जुळी. कधी बोलली नाही तिच्याबद्दल. एकदाच, किसता किसता.

तेवढ्यात सूनबाईने विचारलं, "हे पिवळेवाले वेगळे ठेवायचे का?" ठेवावेत असं खूप वाटलं. पेरले तर काय येईल ते बघता आलं असतं. पण भुट्टा दुधाळ, दाणे कोवळे, कुंडीत पावसाचं पाणी साचलेलं. आणि पुन्हा पाऊस लागला होता, मुलगा यायची वेळ झाली होती.

"किस," म्हटलं, "सगळाच किस."

कढईत गेल्यावर पिवळं काही दिसेना. वरून नारळ पेरला, तोही भ्रूणपोषच, पण तेवढं मी बोलले नाही.